पावणेसहाचे मूठभर फुटाणे

आज ज्यांच्यासाठी बोलणार आहे, त्या या वेळी बहुतेक ऑफिसात खुर्चीवर असतील. म्हणून त्यांच्या आयांशी आणि सासवांशी बोलते. डबा भरणारे हात तुमचे आहेत.

आपल्या वसई तालुक्यात पारोळ, भाताणे, खानिवडे, सकवार या बाजूच्या गावांतूनसुद्धा आता मुली-सुना रोज सकाळी विरार स्टेशन गाठतात. कुणी अंधेरीला बिलं टाइप करते, कुणी हिशोब बघते, कुणी जवळच्याच पंचायतीत संगणकावर बसते. काम खुर्चीतलं. आणि घरोघरी एक तक्रार ऐकू येते. एका गटाच्या बैठकीत एक सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, आमची सून दिवसभर पंख्याखाली बसते. मी लावणीला दिवसभर वाकायचे तेव्हा एवढं जेवत नव्हते. ही रात्री आली की तीन भाकऱ्या, वर भात. आणि वजन वाढलं, साखर काठावर आली म्हणून डॉक्टर ओरडतात. जीभ आवरत नाही, दुसरं काय?"

सून शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "आई, मी जिभेसाठी नाही जेवत हो. घरी येते तेव्हा हातपाय कापत असतात."

दोघींचंही बरोबर होतं. खुर्चीत बसणाऱ्या शरीराला लावणी करणाऱ्या शरीराइतकं अन्न लागत नाही, हे सासूबाईंचं खरं. पण भूक फक्त कष्टाने लागत नाही, ती दोन खाण्यांमधल्या अंतरानेही लागते. शेतावर तुम्ही न्याहारी नेत होतात, दुपारची भाकरी बांधावर खात होतात, आणि दिवेलागणीनंतर लगेच पानं वाढली जायची. तुमच्या दोन खाण्यांत चार-पाच तासांपेक्षा जास्त खंड क्वचितच पडायचा. सुनेचा दिवस मात्र वेगळा आहे. आम्ही तिथेच बसून तो कागदावर मांडला.

ती पहाटे साडेपाचला उठते. सात वाजता चहा आणि एक चपाती उभ्या उभ्या खाते, रिक्षाने विरारला येते आणि आठच्या सुमाराची लोकल पकडते. साडेनऊला अंधेरीच्या ऑफिसात पोचते. एक वाजता डबा, त्यात दोन चपात्या आणि भाजी. चार वाजता ऑफिसचा चहा आणि चार बिस्किटं. सहाला सुटते, सव्वासहा-साडेसहाची गाडी, पावणेआठच्या आसपास विरार. रिक्षाची रांग धरून घरी सव्वाआठ. मग भाकऱ्या थापायच्या, मुलाचा अभ्यास बघायचा, आणि पान वाढायला सव्वानऊ. दुपारी एक ते रात्री सव्वानऊ म्हणजे सव्वाआठ तास. एवढ्या वेळात पोटात गेली ती फक्त चार बिस्किटं. आठवड्यातून दोन-तीन दिवस मात्र भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा विरार स्टेशनबाहेर एक वडापाव. तो खाऊनही रात्रीचं जेवण कमी होत नाही, कारण वडापाव पोटात पडल्यावर लगेचच ती चुलीपुढे उभी असते आणि भाजीची चव बघता बघता कढईतलं खात असते.

आता सव्वाआठ तास उपाशी राहिलेलं माणूस पानावर बसलं की काय करतं? भराभर खातं. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. सावकाश जेवणाऱ्याला तो निरोप दुसऱ्या भाकरीलाच मिळतो. भराभर जेवणाऱ्याची तोवर तिसरी भाकरी संपून भात घेऊन झालेला असतो. म्हणून "रात्री कमी जेव" असं सांगून काही होत नाही. तिला रात्री कमी भूक लागेल अशी सोय संध्याकाळी करावी लागते, आणि ती डब्यातूनच होते.

सगळ्यात महत्त्वाचं खाणं संध्याकाळचं, म्हणून आधी ते सांगते. वेळ ठरवायची ती पावणेसहाची, म्हणजे ऑफिसातून निघण्याआधी. गाडीत खाईन असं म्हणू देऊ नका. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब, तिथे पर्समधून डबा काढायला हात हलत नाही. घरी येऊन खाईन म्हटलं तर सव्वाआठ वाजतात, आणि ते खाणं रात्रीच्या जेवणात मिसळून जातं. पावणेसहाला खाल्लं की जेवणापर्यंत साडेतीन तास मिळतात. जेवताना भूक असते, पण वखवख नसते.

खायचं काय, तर फुटाणे आणि थोडे भाजलेले शेंगदाणे. अगदी साधं, पण मी हेच का निवडते ते ऐका. तीस ग्रॅम फुटाणे म्हणजे बाईची एक भरलेली मूठ. चार लहान बिस्किटं आणि ही मूठ यांची शक्ती, ज्याला ऊष्मांक म्हणतात, जवळजवळ सारखीच, शंभर-सव्वाशेच्या घरात. पण चार बिस्किटांत प्रथिनं दीड ग्रॅमच्या आसपास, आणि मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या पुढे. शिवाय फुटाण्यात चोथा आहे. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर. ते तोंडात विरघळतं, पटकन पचतं, रक्तातली साखर झपकन वर जाते आणि तशीच खाली येते. तासाभरात पुन्हा पोटात खड्डा. फुटाणा चावावा लागतो. तो पोटात पाणी घेऊन फुगतो आणि हळूहळू पचतो. तेवढ्याच शक्तीत तो जास्त वेळ पोट धरतो. शेंगदाण्यात तेल असल्याने तो आणखी सावकाश पचतो, पण त्याच तेलामुळे त्याची शक्ती फुटाण्याच्या दीडपट भरते. म्हणून प्रमाण धरायचं दोन वाटे फुटाणे आणि एक वाटा शेंगदाणे. वीस ग्रॅम फुटाणे, दहा ग्रॅम दाणे. वर पेलाभर पाणी. ऑफिसात फ्रिज असेल तर वाटीभर ताकही चालेल.

हे माप घरी एकदाच करून ठेवा. गटात कुणाचं दुकान असेल तर त्यांच्या काट्यावर तीस ग्रॅम मोजून घ्या, आणि ते ज्या छोट्या डबीत बरोबर मावेल अशी डबी शोधा. जुनी चुन्याची किंवा हिंगाची मोठी डबी स्वच्छ धुऊन वाळवलेली असली तरी चालते. तीच डबी रोज भरायची. त्या सुनेला आधी तिच्या आईने पाव किलोची बरणी भरून दिली होती, ऑफिसच्या खणात ठेवायला. चांगल्या मनाने दिली, पण बरणी उघडी ठेवून संगणकाकडे बघत बघत माणूस किती खातं ते त्यालाच कळत नाही. ती बरणी चार दिवसांत संपली. डबी रिकामी झाली की खाणं संपलं, हे हाताला कळलं पाहिजे.

फुटाणे साधे घ्या. बाजारात मसाल्याचे, पिवळे, खूप मीठ लावलेले मिळतात. रक्तदाबवाल्यांना ते नकोत, आणि इतरांनाही रोज नकोत. आपल्याकडे पावसाळ्यात हवा अशी ओली असते की दोन दिवसांत फुटाणा नरम पडतो. मग तो चावायचा कंटाळा येतो आणि डबी तशीच परत येते. आठवड्यापुरतेच आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि नरम वाटले तर कोरड्या तव्यावर मंद आंचेवर चार-पाच मिनिटं परतून पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. गरम असताना झाकलं तर वाफ धरून ते आणखी नरम होतात. शेंगदाणे भाजण्याआधी निवडायचे. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी दिसणारे किंवा चवीला कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या. भाजून किंवा चटणीत घालून ते सुधारत नाहीत, कारण बुरशीचं विष आंचेने पुरतं जात नाही.

फुटाण्यांनी कुणाच्या पोटात वारा धरतो. अशांना पहिले आठ दिवस अर्धीच मूठ द्या आणि नीट चावायला सांगा. तरीही त्रास झाला तर एक उकडलेलं अंडं द्या. त्यातही सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मात्र सकाळी सातला भरलेलं अंडं संध्याकाळी पावणेसहापर्यंत उन्हाळ्यात बाहेर ठेवायचं नाही. ऑफिसात फ्रिज असेल तरच संध्याकाळी अंडं, नाहीतर ते सकाळच्या खाण्यात घ्यायचं.

सकाळच्या मधल्या खाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते प्रत्येकीला लागतंच असं नाही. जी घरून साडेआठला पोहे किंवा भाकरी पोटभर खाऊन निघते आणि एकला जेवते, तिने अकराला भूक नसताना उगाच खाऊ नये. पण आपल्या सुनेसारखी जी सातला एक चपाती तोंडात टाकून धावते, तिला अकरापर्यंत चार तास होतात. तिने काही खाल्लं नाही तर ती दुपारच्या डब्यावर तुटून पडते, किंवा ऑफिसच्या दुसऱ्या चहाबरोबर पुन्हा बिस्किटं घेते. तिच्यासाठी साडेदहा-अकराला काहीतरी ओलं, ताजं द्यावं, कारण सकाळी भरलेलं तोवर चांगलं राहतं.

सोपं म्हणजे एक पेरू किंवा एक केळं. हंगाम असेल तेव्हा डहाणू-घोलवडचा एक चिकू. तो गोड असतो, म्हणून एकच, दोन नव्हेत. आपल्या वसईची सुकेळी पुष्कळ जणी डब्यात द्यायला बघतात, कारण ती टिकते. पण सुकेळी म्हणजे वाळवलेलं राजेळी केळं, त्यातलं पाणी गेलं आणि साखर तेवढीच राहिली. ती एक खावी आणि तीसुद्धा मूठभर दाण्यांबरोबर. साखर काठावर असलेलीने तिला मधल्या वेळचं रोजचं खाणं करू नये. सणाला खाल्ली तर कुणी अडवणार नाही.

ज्यांना फळाने भागत नाही त्यांच्यासाठी वाफवलेली मटकी. रात्री दोन मुठी मटकी भिजवली की सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची. चोवीस तासांच्या आत मोड येतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणजे आज सकाळी बांधली तर उद्याच्या डब्याला तयार. कुकरमध्ये शिटी न लावता पाच-सात मिनिटं वाफवायची, थोडं मीठ आणि चवीला लिंबू. कच्ची मोडाची मटकी डब्यात देऊ नका. ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं तर अजिबात घालायचं नाही, त्याने दोन तासांत आंबूस वास येतो. वाफवलेली मटकी पसरट ताटात पूर्ण गार करून मगच डब्यात भरायची. डबा उघडल्यावर मटकी चिकट लागली, तार सुटली किंवा आंबट वास आला तर ती टाकून द्यायची. वाटीभर मटकी वाया गेली तर जाऊ द्या, पण जुलाब घेऊन लोकलमध्ये उभं राहणं नको.

चहाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. चारचा चहा बंद करा असं मी सांगत नाही. ऑफिसात तेवढीच तर बसायची सवड असते. दोन गोष्टी मात्र सांगते. भूक लागली की चहा घेऊन ती दाबायची सवय वाईट. भूक दबते, जात नाही, आणि रात्री दुप्पट होऊन येते. आणि जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा नको, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार सल्ल्यातही सांगितलेलं आहे, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं नवीन नाही. म्हणून सुनेने चारचा चहा ठेवला, साखर दोन चमच्यांची एक केली, आणि बिस्किटं सोडली.

आता बचत गटाच्या बायका म्हणून तुम्ही हिशोब मागणार, तो करू. वडापावच्या दिवशी तिचं जास्तीचं खाणं असं होतं: बिस्किटांचे शंभर, वडापावचे सुमारे तीनशे, आणि तिसऱ्या भाकरीचे पावणेदोनशेच्या आसपास. एकूण पावणेसहाशेच्या घरात. नव्या बेतात अकराचं फळ साठ-सत्तर आणि पावणेसहाची डबी एकशे तीसच्या आसपास, म्हणजे दोनशे. वाचलं पावणेचारशेच्या आसपास. पण जेव्हा वडापाव नसायचा त्या दिवशी पावणेतीनशेच्या जागी दोनशे, म्हणजे वाचले फक्त पाऊणशे. हा फरक मुद्दाम सांगते. महिनाभरात पाच किलो उतरेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि या सगळ्या हिशोबातली मेख एकच आहे, तिसरी भाकरी खरोखर सुटली पाहिजे. डबीही खाल्ली आणि तीन भाकऱ्याही खाल्ल्या, तर वडापाव नसलेल्या दिवशी उलट भरच पडली, दुसरं काही नाही. बहुतेक घरांत बेत फसतो तो इथेच. सासूबाई प्रेमाने वाढतात, "एवढीच? बरं नाही का वाटत?" असं विचारतात, आणि तिसरी भाकरी पानात येते.

म्हणून पहिले पंधरा दिवस पान वाढण्याची रीत थोडी बदला. तांदळाच्या दोन भाकऱ्या पानात, तिसरी टोपलीत झाकून आणि टोपली ओट्यावर. आधी पालेभाजी, वालाचं बिरडं किंवा माशाचं कालवण खायला सुरुवात करायची. दोन भाकऱ्या संपल्या की दहा मिनिटं थांबायचं, मुलाला भरवायचं, बोलायचं. त्यानंतरही भूक असेल तर तिसरी जरूर घ्यायची, कुणी टोकायचं नाही. त्या सुनेने पहिल्या आठवड्यात चार दिवस तिसरी भाकरी घेतली, दुसऱ्यात दोन दिवस.

बेत लागू पडतोय की नाही हे वजनकाट्यावर लगेच दिसत नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसतं. रोज तीन खुणा करायच्या. भाकऱ्या करता करता उभ्याने कढईतलं खाल्लं का? पानात किती भाकऱ्या झाल्या? आणि सकाळी उठल्यावर भूक होती का? तिसरी खूण मला सगळ्यात खरी वाटते. रात्री पोट तुडुंब भरलं की सकाळी तोंड कडवट असतं, खायची इच्छा नसते, मग न्याहारी बुडते आणि सगळं चक्र पुन्हा सुरू होतं. सकाळी सातला भूक लागू लागली की समजा, रात्रीचं जेवण जागेवर आलं. त्या सुनेला दहाव्या-बाराव्या दिवसापासून सकाळी भूक लागू लागली. आता ती एकाऐवजी दीड चपाती भाजीबरोबर बसून खाते, आणि अकराचा पेरू कधी कधी तसाच घरी परत येतो. तो परत आला तर येऊ द्या.

पंधरा दिवसांतही कढईत हात जात असेल तर आधी दुपारचा डबा बघा. दोन चपात्यांबरोबर नुसती बटाट्याची भाजी असेल तर पावणेसहाची मूठ एकटी काय करणार? डब्यात वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ वाढवा. काही जणी तर कामाच्या गडबडीत डबा खातच नाहीत. तिथे मधल्या खाण्याचा उपाय चालत नाही, जेवणाची सुट्टी घ्यायला लागते.

एका बाबतीत मात्र या बेताने घरच्या घरी जाऊ नका. घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर खाण्याची वेळ आणि रात्रीच्या भाकऱ्या बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच राहिलं आणि जेवण कमी झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं ही त्याची लक्षणं. त्या वेळी फुटाणे कामाचे नाहीत, ते फार हळू पचतात. तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी लागते. गरोदर बाईचा हिशोबही वेगळा. तिच्या भाकऱ्या मोजत बसू नका, तिचं खाणं आशाताईंशी बोलून ठरवा.

आणखी एक छोटी सोय. जुलै-ऑगस्टात नालासोपारा-वसईच्या रुळांवर पाणी भरलं की गाडी दोन-दोन तास उभी राहते, आणि त्या दिवशी पावणेसहाचं खाणं रात्री अकरापर्यंत पुरत नाही. म्हणून पावसाळाभर पर्सच्या आतल्या कप्प्यात फुटाण्यांची दुसरी एक पुडी, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, असू द्या. ती गाडी अडकली तरच उघडायची, आणि दर सोमवारी बदलायची, कारण ओल तिथेही पोचते.